दहा हजार बॉक्स आणि बावीस रुपये

वाचकाचं पत्र

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. शेजारी तीन नातेवाइकांच्या बागा आहेत. यंदा चौघांचे बॉक्स एकत्र घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मागच्या वर्षी आम्ही एकट्याने एक डझनाचे पाच प्लायचे ६,००० बॉक्स घेतले होते. दोन-दोन हजारांच्या तीन खेपा, २९ रुपये पोहोच भाव, जीएसटी वेगळा. पैसे आंब्याचे पैसे सुटल्यावर, जुलैअखेर दिले. यंदा कोल्हापूरच्या त्याच बॉक्सवाल्याला मी मेसेज केला: ‘शेठ, यंदा १०,००० बॉक्स लागणार. चार बागांच्या नावांनी छापायचे. क्वांटिटी मोठी आहे, २२ चा भाव धरा. दुसरीकडे २१ ची ऑफर आहे. लवकर कळवा.’ उत्तर आलं, ‘परवडत नाही.’ त्यानंतर फोन उचलत नाहीत. माणूस चांगला आहे, तोडायचा नाही. मेसेज कसा लिहू, म्हणजे आकडे वाजवी वाटतील?

उत्तर

तुमच्या मेसेजच्या भाषेत खोट नाही. ‘शेठ’ म्हटलंय, ‘धरा’ म्हटलंय, अरेरावी कुठे नाही. त्यात चार ‘कृपया’ आणि दोन ‘विनंती’ पेरल्या असत्या तरी उत्तर हेच आलं असतं. आकडे वाजवी वाटत नाहीत, कारण ते तुमच्या बाजूने बरोबर असले तरी त्यांच्या मशीनच्या बाजूने बरोबर नाहीत. मी कोल्हापूर भागातल्या एका कारखान्याच्या परचेसमध्ये वीसेक वर्षं काढली आणि त्यातली बरीच खोकी विकत घेण्यात गेली. तेव्हा आधी हिशेब करू, मेसेज मग लिहू.

तुम्ही १०,००० लिहिलंत. शेठनी काय वाचलं असेल? चार बागांची चार नावं म्हणजे प्रत्येकी २,५००. मागच्यासारखंच तुम्ही खेपांत मागणार, हे त्यांना माहीत आहे. दोन खेपा धरल्या तरी एका वेळी एका नावाचे १,२५० बॉक्स. म्हणजे मागच्या वर्षी त्यांनी मशीन एकदा लावलं की २,००० नग निघायचे, यंदा १,२५० निघणार. नाव बदललं की स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, काढा, दुसरा चढवा, रंग जुळवा, आणि जुळेपर्यंत शीट वाया घालवा. तुमची ऑर्डर वाढली, पण त्यांचा एका वेळचा घाणा लहान झाला. आणि तुम्ही त्याच दमात सात रुपये कमी करायला सांगितलेत.

क्वांटिटीवर सूट मिळते ती मशीन न थांबता किती वेळ चाललं आणि गाडी किती भरून गेली यावर. वर्षाचा एकूण आकडा मोठा असणं याला बॉक्सवाल्याकडे फारशी किंमत नाही. त्यात तो आकडा अजून मोहोरावर आहे. अवकाळी पाऊस झाला किंवा तुडतुडा पडला तर १०,००० चे ६,००० व्हायला वेळ लागत नाही, हे तुमच्याइतकंच त्यांनाही ठाऊक आहे. आमच्या कारखान्याने एकदा एका खोकीवाल्याला ४०,००० नगांचं गाजर दाखवून भाव पाडून घेतला आणि उचलली १२,०००. आमचं नाव छापलेली उरलेली खोकी त्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहिली, कारण ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्याच्या प्रत्येक भावात त्या नुकसानीचे दोन पैसे मिसळलेले असायचे. ते मला कळायचं आणि बोलताही यायचं नाही.

आता २२ रुपयांकडे येऊ. मागच्या वर्षीचा एक बॉक्स काट्यावर ठेवा. १४ × ११ × ५ इंची पाच प्लायचा बॉक्स नेहमीच्या कागदात साधारण ४१० ग्रॅम भरतो, तेच धरून चालते. कापताना जाणारा कागद मिळवला तर एका बॉक्सला ४३० ग्रॅम कागद लागतो. क्राफ्ट कागद त्यांना ३८ रुपये किलो पडतो असं समजू. हा भाव सारखा हलतो, तेव्हा आजचा त्यांनाच विचारा. म्हणजे एका बॉक्समध्ये सुमारे साडेसोळा रुपयांचा नुसता कागद आहे. २९ मधून ते गेले की उरले साडेबारा. त्यात खळ, वीज, मजुरी, छपाई, भोकांचं पंचिंग, पिना, घाट उतरून तुमच्या दारात येणारी गाडी, तुमची उधारी आणि त्यांचा नफा. तुमच्या २२ मध्ये या सगळ्याला साडेपाच रुपये राहतात. ‘परवडत नाही’ हे त्यांनी अगदी खरं सांगितलं आणि याबद्दल त्यांचे आभारच माना. कारण ‘हो’ म्हणाले असते तर काय झालं असतं, ते पुढे सांगते.

मग सूट मागायचीच नाही का? मागायची. फक्त ती कुठून निघेल ते आपण आधी शोधायचं. तुमच्या बाबतीत मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा मशीन लावण्याची. स्टिरिओ आणि डाय चढवणं, रंग जुळवणं आणि वाया गेलेली शंभरेक शीट मिळून एका वेळचा खर्च ३,००० रुपये धरा. मागच्या वर्षी तो २,००० बॉक्सवर पडत होता, म्हणजे नगामागे दीड रुपया. एकाच छपाईचे ५,००० एका दमात काढले तर तो ६० पैशांवर येतो. नव्वद पैसे सुटले. पण त्यासाठी चार नावांचा हट्ट सोडावा लागेल. बॉक्सवर चौघांची मिळून एकच छपाई घ्या आणि ज्याच्या त्याच्या बागेचं नाव स्टिकरवर टाका. घरी हे सांगणं शेठशी बोलण्यापेक्षा अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. काकांना सांगा की हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वापरायची नोंदणी ज्या त्या बागायतदाराच्या नावावर असते, तेव्हा तो तपशील तसाही वेगळ्या स्टिकरवरच शोभतो.

दुसरी जागा गाडीची. २,००० बॉक्स पिकअपमध्ये यायचे. त्या खेपेला ६,००० रुपये भाडं धरलं तर नगामागे तीन रुपये. ५,००० बॉक्स घड्या घालून मोठ्या आयशरमध्ये बसतात. तिचं भाडं ९,५०० धरलं तर नगामागे एक रुपया नव्वद पैसे. इथे एक रुपया दहा पैसे सुटले. अट एवढीच की ५,००० बॉक्स तुमच्याकडे कोरड्या जागी ठेवता आले पाहिजेत. जमिनीवर थेट नाही, खाली फळ्या किंवा पॅलेट हवं. कोकणातल्या दमट हवेत जमिनीला टेकलेला गठ्ठा तळातून मऊ पडतो आणि वाचवलेले पैसे तिथेच जिरतात.

तिसरी जागा तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत: पैसे. मार्च-एप्रिलला माल आणि जुलैअखेर पैसे, म्हणजे कमीत कमी तीन महिने त्यांनी तुम्हाला २९ रुपये वापरायला दिले. बाजारात महिना शेकडा दीडने पैसे उचलणाऱ्या माणसाला तीन महिन्यांत त्याचे एक रुपया तीस पैसे पडतात. अर्धे पैसे ऑर्डरबरोबर आणि उरलेले गाडी खाली झाल्यावर देता आले तर ते एक रुपया तीस पैसे तुम्ही हक्काने मागू शकता. चौघांनी वाटून ॲडव्हान्स उभा करायचा आहे, त्यामुळे एकेकाचा वाटा फार जड होणार नाही.

बेरीज तीन रुपये तीस पैसे. २९ मधून वजा केले तर २५.७० येतात. पण २५.७० मागू नका. लोणी निघालं दोघांच्या घुसळण्याने, तर गोळा एकट्याने न्यायचा नाही. ५० पैसे, रुपया त्यांच्याकडे राहू दे. मी तुमच्या जागी असते तर २६.५० मागितले असते आणि २७ ला हात मिळवला असता.

या हिशेबात एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. तिन्ही बचती ५,००० च्या एका लॉटवर निघाल्या. १०,००० कुठे लागलेच नाहीत. म्हणजे ज्या आकड्याची तुम्हाला खात्री नाही तो छातीठोक सांगायची गरजच उरली नाही. मागच्या वर्षी तुम्हाला एकट्याला ६,००० लागले, तेव्हा चौघांत ५,००० तर लागणारच. तेवढेच पक्के सांगा. पुढचे ५,००० मोहोर टिकून फळ धरलं की सांगा.

त्या २१ च्या ऑफरचं काय? खरी असेल तर तिला तीन प्रश्न विचारा: बॉक्सचं वजन किती, भाव पोहोच आहे की कारखान्यातून, आणि पैसे कधी. वर केलेल्या हिशेबात २१ ला पोहोच माल येताना दिसत नाही, तेव्हा तिन्हींपैकी कुठेतरी उत्तर सापडेल. ऑफर नुसती दबावासाठी लिहिली असेल तर ती ओळ पुसा. त्यांचं आयुष्य कागदाच्या भावात गेलंय. २१ वाचल्यावर त्यांना कळलं असेल की एक तर तुम्ही पातळ बॉक्स बघून आलात किंवा थाप मारताय. दोन्हींत फोन न उचलणंच सोयीचं.

आता मेसेज. मी असा लिहीन:

‘शेठ, नमस्कार. मागच्या मेसेजमध्ये मी भाव आणि नग घाईने लिहिले, नीट हिशेब करून पुन्हा लिहितो.

बॉक्स मागच्या वर्षीचाच: १४ × ११ × ५, पाच प्लाय, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, कागद तोच. यंदा चौघांची मिळून एकच छपाई, नावं आम्ही स्टिकरने लावू.

पक्की ऑर्डर ५,००० नग, एकाच खेपेत, १ मार्चपर्यंत पोहोच. गाडी भरून पाठवा, उतरवायला माणसं आमची. अर्धे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले गाडी खाली झाल्याच्या दिवशी.

पीक टिकलं तर आणखी ५,००० याच भावाने, तेही एकाच खेपेत. ते १० मार्चपर्यंत नक्की कळवतो. तोवर त्याचा कागद घेऊ नका, छापू नका.

मशीन एकदाच लागेल, गाडी भरून येईल आणि उधारी नाही, हे धरून २६.५० पोहोच, जीएसटी वेगळा, असं जमेल का? कागद हलका करून भाव कमी करायचा नाही. जमत नसेल तर कुठे अडतं ते सांगा: नग वाढवायचे, तारीख बदलायची की छपाई एका रंगात करायची, बघू. दुसऱ्या लॉटच्या वेळी कागद किलोला २ रुपयांहून जास्त वर-खाली झाला तर त्याप्रमाणे भाव बदलू.’

लांब झाला, मान्य. पण यातली प्रत्येक ओळ त्यांच्या मनातला एकेक धोका काढून टाकते, म्हणून ती कापू नका. विशेषतः ‘तोवर छापू नका’ ही ओळ. ती वाचली की हा माणूस छापून पडलेल्या मालाचा विचार करतोय हे त्यांना दिसतं, आणि २६.५० हा आकडा त्याच माणसाकडून आल्यामुळे खरा वाटतो.

‘कुठे अडतं ते सांगा’ हीसुद्धा नुसती नम्रता नाही. ‘२२ धरा’ला उत्तर दोनच असू शकतात, हो किंवा नाही. इथे भाव अडला तर नग, तारीख, छपाई यांपैकी काहीतरी हलवायला जागा आहे. तारखेचं तर नक्की विचारा. जानेवारी ते मार्च सांगली-तासगावकडच्या द्राक्षांच्या खोक्यांनी तिकडची मशीन गच्च असतात. १ मार्चच्या ऐवजी तुम्ही २० फेब्रुवारीला माल घेऊ शकत असाल किंवा १० मार्चपर्यंत थांबू शकत असाल, तर त्या मोकळ्या दिवसाचे पन्नास पैसे मिळून जातात. खरं तर पुढच्या वर्षी पहिला लॉट नोव्हेंबरातच सांगा. मोहोर दिसायच्या आत ऑर्डर देणं जिवावर येतं, कळतं मला, पण पहिल्या ५,००० ना मोहोराची वाट बघायची गरज नाही हे आपण आताच बघितलं.

कागदाच्या अटीला बिचकू नका. एका बॉक्समध्ये ४३० ग्रॅम कागद आहे, म्हणजे किलोला २ रुपये वाढले तर बॉक्सला ८६ पैसे. ही अट नसली तर ते ८६ पैसे ‘न जाणो’ म्हणून आजच भावात घालतील आणि कागद उतरला तरी परत देणार नाहीत.

उत्तर २७.५० असं आलं, तर लगेच पुन्हा २६.५० करू नका. ‘गाडी किती धरलीत?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा पिकअपचं जुनं भाडं तसंच राहिलेलं असतं आणि ते दुरुस्त झालं की भाव आपोआप २७ च्या खाली उतरतो. आणि भाड्याचा आकडा खरंच मोठा निघाला तर तुमची बाजू चुकली म्हणायची आणि २७.५० ला घ्यायचा. मी वर धरलेले भाड्याचे, मशीनचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या बॉक्सवाल्याचे वेगळे असतील. हिशेबाची रीत तीच राहील.

माझ्याकडे मसाल्याचे पाऊच, शाळेचे गणवेश, काचेच्या बरण्या घेणाऱ्यांची अशीच पत्रं येतात, म्हणून जाता जाता त्यांच्यासाठी. पाऊचच्या छपाईत स्टिरिओच्या जागी प्रत्येक रंगाचा सिलिंडर येतो आणि तो महाग असतो, त्यामुळे पाच चवींना पाच डिझाइन असतील तर तुमची ऑर्डर मोठी नाही, पाच छोट्या ऑर्डरी आहेत. एकच पाऊच छापून चवीचं लेबल वरून लावणारे लोक स्वस्तात सुटतात. बरण्यांत मात्र छपाई नसते, तिथे सगळा खेळ गाडी भरण्याचा आणि फुटीचा असतो. मागणी करताना आपला माल या दोन्हींत कुठे बसतो ते बघा.

आता ते राहिलेलं, शेठ २२ ला ‘हो’ म्हणाले असते तर काय. तीन रुपये तीस पैशांची खरी बचत काढूनही पावणेचार रुपये कमी पडतात. ते काढायची एकच जागा आहे, कागद. प्रत्येक बॉक्समधून ९०-९५ ग्रॅम कागद कमी. हातात घेतल्यावर हा फरक कळत नाही. रंग तोच, छपाई तीच, पाच थरही मोजून भरतात. कळतो तो वाशीला गाडी उघडल्यावर, तळाच्या दोन थरांतले बॉक्स बसलेले आणि कडेची फळं दबलेली दिसतात तेव्हा. पेंढा आणि पिकत्या फळाचा ओलावा आतून कागद मऊ करतोच, पातळ बॉक्सला त्यानंतर वरचं ओझं पेलत नाही.

म्हणून मागच्या वर्षीचे न वापरलेले दहा बॉक्स घरात सापडले तर जपून ठेवा. गाडी आली की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून नवे दहा काढा आणि दोन्ही दहांचं वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी करा. एकाच वेळी अशासाठी की हवेतला दमटपणा कागद पितो आणि वजन बदलतं. नवे बॉक्स आल्यावर तासाभरासाठी उघडे ठेवलेत तर आणखी बरं. जुने दहा ४.१ किलो असतील आणि नवे ४ किलो भरले तर काही बोलू नका, एवढं खालीवर होतं. साडेतीन किलो भरले तर फोटो काढा, ड्रायव्हरला चहा द्या, आणि गाडीचा उरलेला माल उतरवायच्या आधी शेठना फोन लावा. त्या दिवशी ते उचलतील. अर्धे पैसे अजून तुमच्याकडे आहेत.